काचेच्या ग्लासांचं पॅकिंग : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

१० जून

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या हॉटेलवाल्यांच्या ऑर्डरी सुरू होतात. हंगाम ऑक्टोबरनंतरचा असला तरी ग्लास ते आत्ताच भरून ठेवतात. माल फिरोजाबादहून आमच्याकडे कोल्हापुरात येतो आणि इथून सहा-सहाच्या सेटमध्ये म्हापसा, पणजी, मडगावकडे जातो. घाटातून, भर पावसात. यंदा पॅकिंगचं नीट मनावर घ्यायचं ठरवलंय, म्हणून ही वही.

सुरुवात फुटक्या मालापासून. परत आलेल्या पेट्या कचऱ्यात न टाकता गोदामाच्या एका कोपऱ्यात ठेवायला मावशींना सांगितलं होतं. आज त्या उघडून काच कशी गेलीय ते पाहिलं. तीन वेगळ्या तऱ्हा दिसल्या.

पहिली तऱ्हा म्हणजे काठाला टवका. ग्लास उभा शाबूत, पण ओठाला नखाएवढी कपची गेलेली, आणि शेजारच्या ग्लासवर नेमक्या त्याच उंचीला पांढुरका घासल्याचा डाग. दुसरी, दांडी मोडलेली. वरची वाटी आणि खालची तबकडी दोन्ही चांगल्या, मधे कट्ट. या पेट्यांचं बूड बाहेरून सपाट आणि स्वच्छ, कुठे चेपलेलं नाही. तिसऱ्या तऱ्हेत पेटीच्या भिंतीच बाहेर फुगलेल्या, कोपरे मऊ पडलेले, झाकण आत बसलेलं आणि आत दोन-तीन ग्लासांचा चुरा.

एकाच रोगाची तीन लक्षणं असतील असं वाटत नाही. घासणं, आपटणं आणि दबणं हे तीन वेगळे प्रकार दिसतात. आपण मात्र तिन्हींवर एकच औषध देतो: बबलचा आणखी एक वेढा.

१४ जून

ज्यांच्याकडून बबल रोल, फोम शीट आणि खोके तिन्ही येतात, त्या चाकणच्या कारखान्याला पत्र लिहिलं. फोनवर विक्रीचा माणूस फक्त दर सांगतो, म्हणून पत्र. प्रत इथे ठेवतो.

> मा. व्यवस्थापक साहेब यांस,
>
> सप्रेम नमस्कार वि. वि.
>
> आम्ही आपले जुने गिऱ्हाईक. आमचा काचसामानाचा व्यापार आहे. आपल्याकडून १० मिमीचा बबल रोल, २० मिमीचे ईपीई फोम शीट आणि तीन प्लायचे खोके घेतो. माल चांगला असतो, तक्रार नाही. हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे.
>
> या तिन्ही वस्तू काचेला नेमक्या कशा वाचवतात, हे आम्हाला समजून घ्यायचे आहे. आमचे प्रश्न असे :
>
> १. बबल, फोम आणि खोका यांची कामे एकच आहेत की वेगळी? एक वाढवला तर दुसरा कमी करता येतो का?
>
> २. सहा स्टेम ग्लासांच्या पेटीखाली आम्ही पूर्ण बुडाएवढे फोम शीट घालतो. तरी दांड्या मोडतात, आणि खोका बाहेरून ठीक असतो. फोम जाड घ्यावा, घट्ट घ्यावा की मऊ?
>
> ३. पावसाळ्यात खोके फुगतात. यावर पाच प्लाय हेच उत्तर आहे का, आणि ते किती पुरते?
>
> ४. बबलचे फुगे आत ठेवायचे की बाहेर? आमच्या दुकानात यावर दोन तट आहेत.
>
> एका सेटची मापे : ग्लास २२ सेंमी उंच, वजन सुमारे १७० ग्रॅम. पार्टिशनसह आतली पेटी २७ × १८ × २४ सेंमी, भरून १.६ किलो.
>
> आपल्याकडे पॅकिंग डिझाइन करणारे कोणी असल्यास त्यांच्याशी बोलायला आवडेल. नमुन्यांचे पैसे देऊ.
>
> कळावे, लोभ असावा.

२३ जून

आज फोन आला. विक्रीवाला नव्हता, तिथल्या डिझाइन विभागातले साहेब होते. मापं दिलेलं पत्र क्वचितच येतं म्हणाले, आणि पाऊण तास बोलले. जसं समजलं तसं लिहितो.

खाली पडणारी वस्तू फुटते ती पडल्यामुळे नाही, थांबल्यामुळे. ती किती अंतरात थांबते यावर सगळं आहे. ७६ सेंटिमीटरवरून पडलेली पेटी फरशीवर १ सेंटिमीटरात थांबली तर तिच्यावर तिच्या वजनाच्या किमान ७६ पट जोर येतो. तोही जोर थांबेपर्यंत एकसारखा राहिला तर. खरा फोम दबत जाईल तसा कडक होतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी हा आकडा दुपटीच्या जवळ जातो. थांबायला २ सेंटिमीटर मिळाले की सगळं निम्म्यावर. फोम काही जादू करत नाही, थांबायला अंतर देतो. तेवढंच त्याचं काम.

७६ सेंटिमीटर का, असं विचारलं. पार्सल तपासण्याच्या पद्धती ठरवणारी आयएसटीए ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या १ए चाचणीत १० किलोच्या आतली पेटी ७६० मिलिमीटरवरून टाकतात, १० ते १९ किलोची ६१० वरून, आणि त्याहून जड असेल तर आणखी खालून. कारण सरळ आहे : हलकी पेटी माणूस फेकतो, जड पेटी सांभाळून उतरवतो.

माझा दुसरा प्रश्न ऐकून ते हसले. "तुमचा फोम कमी नाही, जास्त आहे," म्हणाले. पूर्ण बुडाखाली फोम घातला की १.६ किलो वजन ४८६ चौरस सेंटिमीटरवर पसरतं. म्हणजे चौरस सेंटिमीटरला जेमतेम ३.३ ग्रॅम. एवढ्या हलक्या वजनाला तो फोम दबतच नाही. फोम दबला नाही की थांबायचं अंतर मिळत नाही, आणि पेटीला तो जवळजवळ लाकडाच्या फळीसारखा लागतो. दांड्या मोडतात पण खोक्याचं बूड सपाट राहतं, त्याचं कारण हेच.

उपाय म्हणजे फोम कमी करणं. क्षेत्र कमी, जाडी जास्त.

हे पटायला वेळ लागला. बाजारात कुणालाही विचारा, "फोम जरा जास्त टाका" हेच उत्तर मिळतं.

२५ जून

साहेबांनी आकडेमोड करायला सांगितली होती. आज वहीत मांडली.

आपल्याकडे येणारा ईपीई हलका, घनमीटरला २० किलोच्या आसपास घनतेचा. त्याला चौरस सेंटिमीटरला १० ते २० ग्रॅम वजन मिळालं तर आमच्यासारख्या पेटीला तो बऱ्यापैकी दबतो, असा त्यांचा अंदाज. १.६ किलोला साधारण १२० चौरस सेंटिमीटर लागतात. चार कोपऱ्यांवर वाटले तर प्रत्येकी ३०, म्हणजे साडेपाच सेंटिमीटर बाजूचा चौकोन. चार चौकोनांचे १२१ चौरस सेंटिमीटर आणि वजन १३ ग्रॅमच्या घरात.

जाडी ४ सेंटिमीटर. फोम निम्म्यापर्यंतच कामाचा. त्यापुढे त्याच्यातली हवेची घरं चेपून एकमेकांना टेकतात आणि तो दगड होतो. म्हणून २ सेंटिमीटर थांबायचं अंतर हवं असेल तर ४ सेंटिमीटर जाडी घ्यावी लागते. २० मिमीची दोन शीटं गरम हवेने चिकटवून कारखाना देतो, नाहीतरी जाड ईपीई असंच थर जोडून बनतं.

इथे एक मर्यादा आहे, आणि ती कळली नसती तर मी चौकोन आणखी लहान कापले असते. पॅडची रुंदी जाडीच्या निदान सव्वा ते दीडपट हवी. त्याहून अरुंद आणि उंच पॅड दबायच्या ऐवजी बाजूला वाकतो आणि पेटी सरळ खाली जाते. ४ सेंटिमीटरला साडेपाच म्हणजे जेमतेम बसतं.

पेटी काही बुडावरच पडेल असं नाही. म्हणून सुटे चौकोन न करता कोपऱ्याचे तुकडे करायचे, तीन पंखांचे, प्रत्येक पंख साडेपाचचा. आतल्या पेटीच्या आठ कोपऱ्यांवर आठ तुकडे टोपीसारखे बसतात आणि सहाही बाजूंना चार-चार पॅड आपोआप मिळतात. बाहेरचा खोका मग प्रत्येक बाजूने ४ सेंटिमीटर मोठा : ३५ × २६ × ३२.

३ जुलै

नमुने आले. गोदामात पाडून पाहिलं.

भिंतीवर ७६ सेंटिमीटरवर खडूची रेघ. चाचणीचा क्रम ठरलेला आहे : आधी एक खालचा कोपरा, मग त्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडा, मग सहा बाजू. एकूण दहा वेळा, एकच पेटी. आपण हाताने सोडतो म्हणून ती नेमकी कडेवरच पडेल असं नाही. दोघांनी धरून एकदम सोडली तर बरंच जमतं. सपाट बाजूवर पाडताना ती खरंच सपाट पडली की नाही हे आवाजावरून कळतं : एकच "धप्प" हवा, "ध-धप्प" झालं तर एक कड आधी टेकली.

फोम किती दबला हे बघायला साहेबांनी युक्ती सांगितली होती. पॅडच्या शेजारी रिकाम्या जागेत मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा बरोबर ४ सेंटिमीटर उंच खांब उभा करायचा. पेटी पडताना खाली येते, खांब चेपतो, आणि फोम परत फुलला तरी क्ले परत फुलत नाही. नंतर पट्टीने मोजायचं. पूर्ण शीटच्या पेटीत शीटला गोल भोक पाडून त्यात खांब ठेवला. तिथेही शीटं दोन, म्हणजे जाडी सारखीच.

सपाट बुडावर पाडल्यावर पूर्ण शीटच्या पेटीत खांब ३ सेंटिमीटरच्या आसपास राहिला, म्हणजे फोम १ सेंटिमीटर दबला. कोपऱ्याच्या पॅडच्या पेटीत खांब २ सेंटिमीटरपर्यंत उतरला. फोम तोच, जाडी तीच, आणि थांबायचं अंतर दुप्पट.

पूर्ण शीटच्या पेटीत सपाट पडण्यात दोन दांड्या मोडल्या. कोपऱ्यावर आणि कडेवर पाडताना मात्र काही झालं नव्हतं. मावशींना हे उलटं वाटलं, कारण कोपऱ्यावर पडलेला खोका दिसायला भयंकर दिसतो. पण खोक्याचा कोपरा चेपतो तेव्हा तो स्वतःच थांबायचं अंतर देतो. सपाट पडलेला खोका चेपत नाही. बाहेरून देखणी पेटी आणि आत मोडकी काच, असं का येतं ते आज समोर पाहिलं.

पॅडच्या पेटीतले सहाही ग्लास दहाव्या वेळेनंतर चांगले. एका पेटीवरून फार काही ठरत नाही हे मान्य, पुढच्या आठवड्यात आणखी पाडू.

११ जुलै

आज खोका. पाऊस आठ दिवस थांबलेला नाही. गोदामात ठेवलेल्या खोक्यांचा कोपरा अंगठ्याने दाबला तर दबतो, मे महिन्यात तोच कडक होता.

आमचा समज असा, की खोका म्हणजे बाहेरचं चिलखत, मार तोच झेलतो. साहेबांच्या मते मार झेलणं हे त्याचं काम नव्हेच. वरचं वजन उचलून धरणं आणि आतल्या फोमसाठी जागा राखून ठेवणं, हे त्याचं काम. खोका दबला की वरच्या पेट्यांचं वजन आतल्या पेटीवर येतं, पॅड आधीच चेपून बसतो, आणि पुढे पेटी पडते तेव्हा ४ सेंटिमीटरच्या पॅडमध्ये दबायला जागाच उरलेली नसते. म्हणजे माझ्या १० जूनच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेचा एकमेकींशी संबंध आहे.

खोका किती वजन पेलेल याचं एक सूत्र धंद्यात सगळे वापरतात, १९६३ सालचं, मॅकी यांच्या नावाचं :

```
BCT = 5.87 × ECT × √(h × Z)
```

BCT म्हणजे खोका किती किलोला बसेल, ECT म्हणजे पुठ्ठ्याची उभी पट्टी दर सेंटिमीटरला किती किलो पेलते, h पुठ्ठ्याची जाडी आणि Z खोक्याची परिमिती, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. आमच्या ३५ × २६ खोक्याची परिमिती १२२.

तीन प्लायचा, म्हणजे कागदाच्या तीन थरांचा, पुठ्ठा साडेतीन मिमी जाड आणि ECT ३ धरला तर उत्तर ११५ किलो. पाच प्लायचा साडेसहा मिमी आणि ECT ६ धरला तर ३१० किलोच्या वर. टेम्पोत आमच्याच सात पेट्या एकावर एक आल्या तर खालच्या पेटीवर १७-१८ किलो येतात. ११५ समोर १७ म्हणजे काळजीचं कारणच नाही, असं वाटतं.

पण ११५ हा आकडा कोरड्या, नव्या, सरळ उभ्या खोक्याचा, आणि तोही काही क्षणांपुरता. हवेतली आर्द्रता नव्वदीला गेली की कागद पाणी पितो आणि ताकद साधारण निम्मी होते. ११५ चे ५७. खोक्याचं बहुतेक वजन चार उभे कोपरे पेलतात, भिंतींचा मधला भाग त्या मानाने थोडं. त्यामुळे वरची पेटी कोपऱ्यावर कोपरा न ठेवता वाकडी किंवा विटांसारखी आडवी-उभी रचली तर पुन्हा निम्म्याच्या जवळ जाते. ५७ चे २९. आणि गोदामात काही आठवडे तशीच उभी राहिली तर कागद हळूहळू खचतो आणि आणखी तिसरा हिस्सा जातो. राहिले २० किलो. वर १७ आहेत. त्यात ट्रान्सपोर्टवाल्याने आमच्या पेट्यांवर दुसऱ्या कुणाचं जड पार्सल टाकलं की हिशोब संपला.

पाच प्लायचा तोच हिशोब ५० च्या पुढे थांबतो. म्हणून पावसाळ्यात पाच प्लाय. उन्हाळ्यात आणि स्थानिक मालाला तीन प्लाय पुरतो, तिथे पैसे वाया घालवायची गरज नाही.

खोका घेताना एक गोष्ट उघड्या डोळ्यांनी तपासता येते. आतल्या लाटा, म्हणजे फ्लूट, खोका उभा असताना उभ्याच हव्यात. कडेला डोळा लावला तर नळ्या वरून खाली जाताना दिसतात. आडव्या नळ्यांचा खोका थोड्या वजनालाच बसतो. मागे स्वस्तात घेतलेल्या काही खोक्यांत असं होतं. तो पुरवठादार दुसरा.

जाता जाता : लाटांचा कागद मुळात टोप्यांच्या आतल्या पट्टीसाठी इंग्लंडमध्ये १८५६ साली निघाला. पॅकिंगसाठी त्याचं पेटंट १८७१ साली अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी घेतलं, आणि ते बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळण्यासाठी. म्हणजे हा खोका पहिल्यापासून आपल्याच धंद्याचा.

१९ जुलै

बबल. आमच्याकडचा सगळ्यात जास्त खपणारा रोल.

१० मिमीच्या बबलची उंची ३-४ मिमी. वरचाच हिशोब लावला तर ७६ सेंटिमीटरवरून पडणारी वस्तू ३ मिमीत थांबली तर अडीचशे पट जोर. तीन वेढे दिले तरी सेंटिमीटरभर, त्यातही ग्लासचा ओठ किंवा तबकडीची कड अरुंद असते. अरुंद कडेखाली मोजकेच फुगे येतात आणि ते फुटतात. मोठ्या आपटण्यापासून हा बबल काचेला वाचवत नाही. हे काम त्याला देऊच नये.

त्याचं खरं काम पहिल्या तऱ्हेवर आहे. काच दाबाला दणकट, पण ताणाला तिची ताकद तिच्या पृष्ठभागावर ठरते. डोळ्यांना न दिसणारा बारीक ओरखडासुद्धा ताण एका जागी गोळा करतो आणि चीर तिथून धावते. ग्रिफिथ यांनी १९२० मध्ये हे दाखवलं. ताज्या काचेला काच घासली की असे ओरखडे पडतात. म्हणून फिरोजाबाद ते कोल्हापूर एकमेकांना घासत आलेला ग्लास इथे चांगला दिसतो आणि पुढच्या हलक्या धक्क्यात जातो. दोन काचांमध्ये काहीतरी हवंच, आणि ग्लास खणात हलता कामा नये. बबल ही दोन्ही कामं चोख करतो.

तेव्हा आता प्रत्येक ग्लासला एकच वेढा, आणि वाटीच्या आत चुरगळलेला कागद नाही. कागद कोंबताना मावशींच्या हाताने ओठ दाबला जातो आणि नको तो ताण आतून येतो. पार्टिशनची जाळी ओठाच्या उंचीपर्यंत. आधी ती बुटकी होती आणि वाट्या वरच्या वर एकमेकींना भेटत होत्या. टवक्यांचा डाग नेमका त्याच उंचीला होता.

फुगे आत की बाहेर, याचं उत्तर आलं : आत. फुगे वस्तूला टेकले की तिच्या आकाराला धरतात, आणि सपाट बाजू बाहेर राहिली की टेप नीट चिकटते व खणात सरकवताना अडकत नाही. मावशी पहिल्यापासून हेच म्हणत होत्या. दुसरा तट म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याने ऐकून घेतलं आणि चहा आणायला गेला.

जुन्या रोलबद्दलही विचारलं. साध्या पॉलिथिनच्या फुग्यातून हवा हळूहळू निघून जाते, वर वजन असेल तर लवकर. चांगल्या बबलमध्ये मधे नायलॉनचा पातळ थर असतो, तो हवा धरून ठेवतो. दर विचारताना आम्ही फक्त जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, तेवढंच विचारायचो, आता थर कोणता तेही विचारायचं. दुकानात ओळखायची साधी रीत : तुकड्यावर दोन-तीन किलोचं वजन ठेवून दुसऱ्या दिवशी बघायचं, फुगे परत टणक होतात की सुरकुतलेले राहतात.

बबल रॅप १९५७ साली न्यू जर्सीत दोघांनी भिंतीला लावायच्या कागदासाठी बनवला होता. तो भिंतीवर काही चालला नाही.

२८ जुलै

पैशाचा भाग. इथे सगळं गोड नाही.

कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंची गुणून ५००० ने भागतात आणि जे वजन जास्त ते लावतात. आधीचा खोका ३० × २१ × २७, त्याचं ३.४ किलो येत होतं. नवा ३५ × २६ × ३२, त्याचं ५.८. खरं वजन दोन्हीचं तीनच्या आत. म्हणजे थांबायच्या चार सेंटिमीटरांचं भाडं आपण प्रत्येक बाजूला भरतो. एकेक सेट पाठवणाऱ्या घरगुती गिऱ्हाइकाला हे परवडत नाही.

हॉटेलच्या ऑर्डरीला वाट निघते. चार आतल्या पेट्या दोन-दोन करून एकत्र ठेवल्या तर ५४ × ३६ × २४, आणि बाहेरून ४ सेंटिमीटर धरून ६२ × ४४ × ३२. भागून साडेसतरा किलो, म्हणजे सेटला ४.४. मात्र इथे आधीचेच आठ कोपरे लावून भागणार नाही. वजन चौपट, ६.४ किलो. तेव्हा प्रत्येक बाजूला पॅडचं क्षेत्रही चौपट, ४८० च्या घरात हवं. जुनेच पॅड राहिले तर फोम पूर्ण चेपून तळाला लागेल, आणि मग पूर्ण शीटच्या बरोबर उलट रोग : तिथे दबत नव्हता, इथे दबून संपला. क्लेचा खांब दोन्हीकडे खरं सांगतो. ४ चा खांब ३ च्या वर राहिला तर फोम जास्त, दीडच्या खाली गेला तर कमी.

एकेकट्या सेटसाठी कारखान्याकडे ३ सेंटिमीटरच्या कोपऱ्यांचा नमुना मागितलाय. त्यात जोर वाढेल हे नक्की, पण भाडं उतरेल. किती ग्लास जातात ते पाडून पाहायचं आणि मग फुटीचा खर्च आणि भाड्याचा फरक शेजारी मांडायचा.

६ ऑगस्ट

चार-चारच्या मोठ्या पेट्या म्हापशाला पोचल्या. पाच प्लाय, उभ्या लाटा, कोपऱ्याचे पॅड. खोक्यावर बाण आणि ग्लासचं चित्र आहेच, पण त्याच्यावर विसंबायचं नाही असं ठरवूनच पॅकिंग केलं होतं. एका पेटीचा कोपरा पूर्ण चेपलेला असल्याचा फोटो आला. आतले ग्लास मोजून घेतले, सगळे चांगले. दुसऱ्या एका पेटीत एक ग्लास गेला, ओठाला टवका. ती जाळी जुन्या बुटक्या साठ्यातली निघाली. उरलेल्या बुटक्या जाळ्या आज वेगळ्या काढून बरण्यांच्या पार्टिशनला वापरायला ठेवल्या.

बरण्यांवरून आठवलं. पाच लिटरच्या लोणच्याच्या काचेच्या बरण्यांना आमच्याकडे अजून पूर्ण शीटच जातं. बरणी २.२ किलो. आतल्या पेटीला तेच साडेपाचचे कोपरे लावले तर चौरस सेंटिमीटरला १८ ग्रॅम होतात. साहेबांच्या १० ते २० मध्ये ते बसतं, पण १३ वरच फोम निम्मा दबला होता, म्हणून माझ्या अंदाजाने इथे तो तळाला जातो. १३ वर आणायचं तर एका बाजूला १७० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साडेसहाचा पंख. शिवाय बरणी आडवी पडली की तिची गोल भिंत पेटीला एका रेषेतच टेकते, आणि सगळा जोर त्या रेषेवर येतो. तिथे कोपऱ्याच्या पॅडबरोबर बरणीच्या पोटाला आतून वेगळा आधार लागेल का, आणि तो गळ्याखाली द्यायचा की बुडाजवळ, हे साहेबांना आजच्या पत्रात विचारलंय. बरणीचं वजन, बुडाचा व्यास १५ सेंमी आणि गळ्याचं माप सोबत कळवलं.